पुढचं वाक्य वाचा

मित्रहो, 'ब्रेक अ लेग'सारख्या इंग्रजी वाक्प्रचाराला मराठी जोड कशी शोधावी, हा आजचा विषय आहे, पण मी सुरुवात दुसऱ्याच एका पायापासून करणार आहे, कारण तो पाय मला अजून खुपतो.

एका अनुवादित कादंबरीत एक वाक्य होतं: 'संध्याकाळभर मित्र त्याचे पाय ओढत होते.' त्या कादंबरीवर चर्चा ठेवली होती. एक वाचक उभे राहिले आणि अतिशय पोटतिडकीनं म्हणाले, "लेखकानं या मित्रांचं पुढे काही केलंच नाही. सुरुवातीला ते नायकाच्या वाईटावर आहेत, त्याला वर येऊ देत नाहीत, आणि शेवटी तेच त्याला घर शोधून देतात. हा बदल कधी झाला?" बाकीचेही विचारात पडले. कुणी म्हणालं, लेखकाला माणसातली विसंगती दाखवायची असेल. कुणी म्हणालं, मैत्रीच्या पोटात असूया असतेच. अर्धा तास त्यावर गेला. आणि मूळ इंग्रजीत होतं काय? मित्र त्याचा 'लेग पुल' करत होते. म्हणजे त्याची फिरकी घेत होते, थट्टा करत होते. असूया नाही, विसंगती नाही, काही नाही.

मला त्या वाचकांचा राग आला नाही, उलट त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. त्यांनी पुस्तक मनापासून वाचलं होतं. छापलेल्या मराठीवर त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि मराठीत 'पाय ओढणं' म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं, दुसरं काही नाही. हे वाक्य अनुवादकानं लिहिलं, संपादकानं वाचलं, मुद्रितशोधकानं तपासलं, आणि तिघांच्याही हातून ते सुटलं. का सुटलं? कारण त्यात चूक दिसतच नाही. व्याकरण शुद्ध, शब्द मराठी, वाक्प्रचारसुद्धा अस्सल मराठी, फक्त तो भलताच.

शब्दशः भाषांतराची चेष्टा करायची म्हटली की आपण हटकून 'किक द बकेट'चं, म्हणजे मरण्याचं, 'त्याने बादलीला लाथ मारली' करण्यासारखी उदाहरणं काढतो. ती वाचून हसू येतं हे खरं, पण त्यापासून फारसा धोका नाही. मरणाच्या प्रसंगात मध्येच बादली आली की कुणीही थबकतो. धोका असतो तो ज्या शब्दांची जागा मराठीत आधीच भरलेली आहे तिथे. दोन भाषांनी तोच अवयव, तेच क्रियापद घेतलं आणि दोन वेगळ्या कामांना लावलं, की अनुवादकाला वाटतं, वा, इथे तर आयतंच मिळालं.

मग पकडायचं कसं? त्या कादंबरीत लगेच पुढचं वाक्य होतं: 'आणि तोही मनमुराद हसत होता.' आता सांगा, ज्याचे पाय ओढले जातायत तो मनमुराद हसेल का? चूक पुढच्याच वाक्यात उघडी पडली होती. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी जिथे बोलायला मिळेल तिथे मांडतो: वाक्प्रचाराचा अर्थ त्याच्या शब्दांत शोधू नका, पुढच्या वाक्यात शोधा. समोरचा त्यावर काय बोलतो, काय करतो, हे बघा.

आता 'ब्रेक अ लेग'. रंगमंचावर जाणाऱ्याला विंगेत उभं राहून हे म्हणतात आणि त्याचा अर्थ 'तुझं काम उत्तम होवो' असा आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शब्दशः मराठी केलं तर 'पाय मोड'. ऐकायलाच विचित्र लागतं, पण का लागतं हे बघण्यासारखं आहे. इंग्रजीत माणूस अपघातात स्वतःचा पाय 'मोडतो', म्हणजे कर्ता तो आणि कर्म त्याचाच पाय. मराठीत आपण असं बोलत नाही. आपण म्हणतो 'त्याचा पाय मोडला'. पायच कर्ता, माणूस बिचारा बाजूला. कर्ता माणूस केला की पाय दुसऱ्याचा होतो, किंवा खुर्चीचा होतो. त्यामुळे 'पाय मोड' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुणाचा? आणि त्या वाटेवर आपला स्वतःचा वाक्प्रचार आधीच उभा आहे: 'तंगडं मोडून हातात देईन.' म्हणजे शुभेच्छा निघाली होती, पोचेपर्यंत धमकी झाली. (शिवाय आपल्याकडे अक्षराचाही पाय मोडतात, हलन्त लिहिताना. तो अर्थ इथे आड येत नाही, पण मला तो शब्दप्रयोग इतका आवडतो की सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

इथे बरेच अभ्यासू अनुवादक एका आडवाटेला लागतात. ते म्हणतात, मूळ शोधू या, मूळ कळलं की प्रतिशब्द सुचेल. मग लिंकनच्या खुनाची गोष्ट निघते: 1865 साली फोर्ड नाट्यगृहात गोळी झाडून जॉन विल्क्स बूथनं खालच्या रंगमंचावर उडी मारली आणि त्याचा पाय मोडला, तिथून हे आलं. गोष्ट रंगतदार आहे, पण हा प्रयोग नाट्यव्यवसायात शुभेच्छा म्हणून लेखी सापडतो तो त्यानंतर काही दशकांनी, विसाव्या शतकात. आणि खुन्याच्या अपघातावरून नटांनी एकमेकांना शुभ का चिंतावं? त्यापेक्षा जर्मनचा धागा अधिक पटतो. तिथे 'हाल्स उंड बाइनब्रुख' म्हणतात, 'मान आणि पाय मोडो', आणि जर्मन वैमानिक उड्डाणाआधी ते एकमेकांना म्हणत. तेही यिद्दिश बोलणाऱ्या ज्यूंच्या हिब्रू शब्दांवरून, 'यश आणि आशीर्वाद' अशा अर्थाच्या शब्दांवरून, ऐकण्यातल्या घोटाळ्यानं आलं असावं असा एक तर्क आहे.

हे सगळं मी आवडीनं वाचतो. पण यातला कुठला तर्क खरा ठरला तर तुमचं मराठी वाक्य बदलेल? एकही शब्द बदलणार नाही. विंगेत उभ्या असलेल्या नटीला बूथ माहीत नाही आणि वैमानिकही माहीत नाहीत.

मुळापेक्षा त्यामागची भीती समजून घेतली तर मात्र उपयोग होतो. शुभ उघड बोललं तर ते हुकेल, म्हणून मुद्दाम अशुभ बोलायचं, ही त्या नटांची रीत. भीती आपल्यालाही आहे, पण आपली भाषा नेमकी उलट्या दिशेनं पळते. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणतो, दिवा विझवायचा नसतो, 'शांत' करायचा असतो. अशुभाला फसवण्याऐवजी आपण त्याचं नावच घेत नाही. त्यामुळे विंगेतल्या त्या क्षणी मराठी माणसाच्या तोंडून मोडण्याफुटण्याचं काही निघणं शक्य नाही, आणि तिथे अशुभाचाच कुठला तरी मराठी वाक्प्रचार हुडकत बसणं ही फुकटची मेहनत आहे.

इटालियनमध्ये तर जोडीच आहे. एकानं म्हणायचं 'इन बोक्का अल लूपो', लांडग्याच्या तोंडात जा. दुसऱ्यानं उत्तर द्यायचं 'क्रेपी', म्हणजे मरो तो लांडगा. आता समजा तुम्ही पहिल्याचं नीट मराठी केलंत, 'तुला यश मिळो', आणि उत्तराला हात लावला नाहीत. मग संवाद होतो: "तुला यश मिळो!" "मरो!" पुढचं वाक्य वाचा, असं मी म्हणतो ते याचसाठी.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा 'कशी शोधावी' हे आता भरभर सांगतो.

प्रसंग घ्या. पहिलाच प्रयोग, घाबरलेली मुलगी, वयस्क दिग्दर्शिका तिला 'ब्रेक अ लेग' म्हणते, मुलगी हसून 'थँक्स' म्हणते आणि रंगमंचावर जाते. आधी वाक्प्रचाराविना कोरडा अर्थ लिहून काढा: मोठी बाई लहानीला धीर देतेय, दोन शब्दांत, लाडानं. मग शब्दांना विसरून या प्रसंगात मराठी बाई काय म्हणेल ते पाहा. 'यशस्वी भव' म्हटलं तर ती ऋषी होते. 'मैदान मारून ये' यात जोर आहे, पण मैदान मारायला प्रतिस्पर्धी लागतो, आणि तो इथे नाही. 'ऑल द बेस्ट' आपण रोज म्हणतो, पण अनुवादात सगळेच इंग्रजी बोलणारे मराठीत बोलतायत, त्यात एकटीच इंग्रजी बोलली तर ती उगाच फॅशनेबल वाटते. 'जा, रंगू दे प्रयोग!' हे बसतं. रंगमंचाचा शब्द आहे, छोटा आहे, मायेचा आहे, आणि पुढे मुलगी हसली तर खटकत नाही.

कोशाचा उपयोग होतो, दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश जरूर जवळ ठेवा. पण तो मराठी शब्दांच्या क्रमानं लावलेला आहे, प्रसंगांच्या नाही. 'धीर देणे' असं मनात धरून त्यात काही सापडणार नाही, आधी एखादा शब्द सुचावा लागतो. म्हणून प्रसंगवार वही स्वतःच करावी: निरोप देताना, थट्टा करताना, काणाडोळा करताना. आणि वहीत सापडलेलं प्रत्येक चांगलं वापरायचं नसतं. लंडनचा नट प्रयोग संपल्यावर 'गंगेत घोडं न्हालं' म्हणाला की वाचकाला थेम्स दिसेनाशी होते. म्हणीत नदी, देव, नातं असलं की सावध व्हायचं, रंगण्यासारखी साधी क्रियापदं कुठेही चालतात. काहीच जुळलं नाही तर कोरडा अर्थ ठेवा, तो लंगडा वाटेल, पण चुकीचा असणार नाही.

सगळ्यांत अवघड, पुढे त्याच मुलीचा दुसऱ्या अंकात खरोखर पाय मोडतो आणि कुणीतरी त्यावर विनोद करतं. आता 'रंगू दे' चालणार नाही, पाय लागणारच. तेव्हा मागे जाऊन दिग्दर्शिकेचं वाक्य बदला: "घाबरू नकोस, पाय रोवून उभी राहा." म्हणजे दुसऱ्या अंकानंतर तिला म्हणता येतं, "पाय रोवून उभी राहा म्हटलं होतं, तू तर पायच मोडून बसलीस!" अशुभाची भीती यात गेली, पण विनोद वाचला. आणि एखादी परकी पाहुणी विंगेत हे ऐकून दचकते, 'असं अभद्र का बोलता?' असं विचारते, तर भीतीच विषय झाली. तिथे 'पाय मोडो तुझा!' हेच लिहा, अगदी शब्दशः, कारण पुढचं वाक्य त्याचंच स्पष्टीकरण मागतंय.