तुपातला गुलाबी रंग काय सांगतो?

मंडळी, तुपात वनस्पती मिसळले आहे का, हे पाहायला बॉडॉइन चाचणी करतात. ही चाचणी खरे तर वनस्पती शोधत नाही, तिळाचे तेल शोधते. आपल्याकडे वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचे तेल घालण्याचा नियम झाला तो याचसाठी, की भेसळ झालीच तर ती रंगाने उघडी पडावी. तिळाच्या तेलात सेसमॉल असते आणि तीव्र आम्लात ते फरफ्युरलशी जुळून गुलाबी-लाल रंग देते.

कृती अशी. परीक्षानळीत 5 मिली वितळलेले तूप घ्यायचे, त्यात 5 मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि 0.4 मिली फरफ्युरल (अल्कोहोलमधले 2 टक्के द्रावण) घालून दोन मिनिटे जोरात हलवायचे. मग नळी स्थिर ठेवून खालच्या आम्लाच्या थराकडे पाहायचे. गुलाबी दिसला तर 5 मिली पाणी घालून पुन्हा हलवायचे. रंग टिकला तर तीळ आहे, उडाला तर नाही. आम्लाच्या वाफा झोंबतात, तेव्हा हे काम प्रयोगशाळेतच करायचे, स्वयंपाकघरात नको.

फरफ्युरलऐवजी साखर वापरण्याची घरगुती रीत सांगतात, पण साखर आणि आम्ल नुसतीच ठेवली तरी काही वेळाने लालसर होतात. उशिरा आलेल्या त्या रंगाला मी पुरावा मानत नाही.

आता एक नमुना घेऊ. तूप गर्द पिवळे आहे, चाचणीत थर गुलाबी झाला आणि पाणी घातल्यावरही रंग टिकला. इथे निकाल लिहायची घाई करायची नाही. दुसऱ्या नळीत तेच तूप आणि तेवढेच आम्ल घ्या, फरफ्युरल मात्र घालू नका. तीही गुलाबी झाली, तर हा रंग तिळाचा नव्हे. तुपात घातलेले काही कृत्रिम पिवळे रंग नुसत्या आम्लाने लाल होतात. मग तूप आम्लाने पुन्हापुन्हा धुवायचे, आम्ल बिनरंगी निघेपर्यंत, आणि त्या धुतलेल्या तुपावर मूळ चाचणी करायची. आता थर रंगहीन राहिला, तर वनस्पतीचा आरोप गळून पडतो. पण तुपाला रंग लावल्याचा संशय उरतोच आणि त्याची वेगळी तपासणी व्हायला हवी. नुसते ‘चाचणी नकारात्मक’ लिहून तो नमुना सोडून देणे मला चुकीचे वाटते.

दुसरी नळी स्वच्छ राहिली आणि धुतलेले तूपही गुलाबी झाले, तर तीळ नक्की आहे. तरी तो वनस्पतीतूनच आला असे नाही. तिळाच्या तेलाचे भांडे नीट न धुता त्यात तूप भरले, तरी फिकट छटा येऊ शकते. अशा वेळी सीलबंद डब्यातला नवा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे.

उलट बाजूही आहे. पामतेल किंवा जनावराची चरबी मिसळली असेल, तर नळी काहीच बोलत नाही, कारण त्यात तीळ नाही. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीने मेदाम्लांचे प्रमाण पाहावे लागते.