स्मृतिसभेची छापील कार्यक्रमपत्रिका: मसुदा कसा करावा

(सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

वाचनालय, शाळा किंवा ज्येष्ठ नागरिक संघ चालवणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी एक काम येऊन पडते. संस्थेतील जुने माणूस जाते, आठ-दहा दिवसांत स्मृतिसभा ठरते आणि सभागृहात वाटायची चारपानी पत्रिका दोन दिवसांत छापखान्यात द्यायची असते. वेळ नसल्यामुळे मागच्या कार्यक्रमाची फाइल उघडून तीत नाव आणि तारीख बदलली जाते. ती फाइल बहुधा सत्काराची किंवा वर्धापनदिनाची असते, आणि शोकसभेच्या पत्रिकेतील बहुतेक दोष तिथूनच येतात. ‘प्रमुख पाहुणे’, ‘शुभहस्ते’, ‘आभारप्रदर्शन’, आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘आपण उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी’ ही ओळ नकळत तशीच छापली जाते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, हा मसुदा कोऱ्या कागदावर सुरू करावा.

मसुदा करताना डोळ्यांसमोर ठेवावा तो सभागृहात मागच्या रांगेत बसलेला माणूस. तो बहुधा व्यासपीठावरच्या कोणालाही ओळखत नाही. आता काय होणार, कोण बोलणार, उठायचे की बसायचे, सोबत म्हणायचे की फक्त ऐकायचे, हे त्याला हातातल्या कागदावरून कळले पाहिजे.

आपण एक उदाहरण धरून चालू. तालुक्याच्या गावातील एका निवृत्त गणित शिक्षिका वारल्या आहेत. त्यांनी वाचनालयाचा बालविभाग उभा केला आणि सगळे गाव त्यांना ‘बाई’ म्हणत असे. सभा वाचनालयाच्या सभागृहात संध्याकाळी पाच वाजता आहे. शब्द लिहिण्याआधी वेळेचा हिशेब मांडावा, कारण पत्रिकेत किती नावे छापायची हे तोच ठरवतो. स्वागतास पाच मिनिटे, प्रतिमेस पुष्पार्पणास पाच, परिचयवाचनास सात, एका अभंगास सहा, पाच वक्त्यांना मिळून तीस, शोकसंदेशांना पाच, कुटुंबीयांच्या मनोगताला पाच, शोकठरावाला चार, मौनाला दोन आणि पसायदानाला चार, अशी ही त्र्याहत्तर मिनिटे होतात. वक्त्याला पाच मिनिटे सांगायची आणि हिशेबात सहा धरायची, कारण जागेवरून उठून ध्वनिक्षेपकापर्यंत येण्यातच एक मिनिट जाते. सहावे आणि सातवे नाव जोडण्याचा आग्रह होतोच. त्यांना लेखी संदेश पाठवण्याची विनंती करावी आणि तो शोकसंदेशांत वाचावा, पण यादी पाचवरच थांबवावी. सव्वा तासानंतर वयस्कर माणसे उठू लागतात, आणि शेवटी बोलणाऱ्या घरच्या माणसांसमोर खुर्च्या रिकाम्या दिसतात.

मुखपृष्ठावर कमीत कमी मजकूर असावा: वर संस्थेचे नाव, मध्ये छायाचित्र, त्याखाली पूर्ण नाव, जन्म आणि निधनाच्या तारखा, आणि तळाशी सभेचा दिवस, वेळ व स्थळ. नावामागे काय लावायचे हे घरच्यांना विचारूनच ठरवावे. ‘कै.’ सर्वांना चालेल असे आपण गृहीत धरतो. परंतु वारकरी घरात ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी लिहितात, बौद्ध कुटुंबात ‘कालकथित’ लिहितात, आणि काहींना नुसते नावच हवे असते. दिवंगत व्यक्ती पुरुष असेल आणि पत्नीचे नाव पत्रिकेत येणार असेल, तर त्यामागे ‘गं. भा.’ लावू नये. ‘श्रीमती’ पुरेसे आहे. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पत्रिकेतील अशी अक्षरे हाही त्याच प्रथांचा भाग आहे, असे माझे मत आहे.

दुसऱ्या पानावर परिचय येतो. तो शंभर-सव्वाशे शब्दांचा असावा. ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष’ ही विशेषणे कोणालाही लागू पडतात, म्हणून त्यांतून ते माणूस दिसत नाही. त्यांनी काय केले ते लिहावे. बाईंच्या परिचयाचा मधला भाग असा लिहिता येईल:

‘बाईंनी तेहतीस वर्षे कन्याशाळेत गणित शिकवले. नापास झालेल्या मुलींना त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बोलावून शिकवत आणि त्यासाठी कधी पैसे घेत नसत. निवृत्तीनंतर त्यांनी वाचनालयात बालविभाग सुरू केला. कोणत्या मुलाने कोणते पुस्तक नेले, याची नोंदवही त्या अखेरपर्यंत स्वतःच्या अक्षरात लिहीत.’

आजाराचा उल्लेख कुटुंबीयांनी स्वतःहून सांगितला तरच करावा. ‘अल्पशा आजाराने’ हे शब्द सवयीने लिहिले जातात आणि अनेकदा ते खरेही नसतात.

तिसरे पान सभेच्या क्रमाचे. स्वागताच्या ओळीत नाव आणि काम एवढेच लिहावे: ‘स्वागत व सभेमागील भूमिका: कार्यवाह, सार्वजनिक वाचनालय’. त्यानंतर पुष्पार्पण. इथे सर्वांना रांगेत बोलावले तर अर्धा तास जातो, म्हणून पुढील सूचना छापावी:

‘प्रारंभी कुटुंबीय आणि सभेचे अध्यक्ष प्रतिमेस पुष्पे अर्पण करतील. इतर सर्वांनी सभा संपल्यानंतर पुष्पे अर्पण करावीत, ही विनंती.’

अभंगाचे शब्द पूर्ण छापावेत आणि खाली संतांचे व गायकाचे नाव द्यावे. अभंगाऐवजी अलीकडच्या कवीची कविता निवडली असेल, तर कवीच्या हयातीत आणि निधनानंतर साठ वर्षांपर्यंत तिचे हक्क राखीव असतात, हे लक्षात ठेवून परवानगी मागावी. ती वेळेत मिळत नसेल तर फक्त कवितेचे आणि कवीचे नाव छापावे. या भागाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ हवीच: ‘भाषणे व गायन यांनंतर टाळ्या वाजवू नयेत.’ ही सूचना छापलेली नसेल, तर पहिल्या चांगल्या भाषणानंतर दोन-चार जण सवयीने टाळी वाजवतात, पुढे काय करावे हे कोणालाच कळत नाही, आणि घरच्यांना ते फार लागते.

वक्त्यांच्या यादीत ‘भाषणे’ऐवजी ‘आठवणी’ असा मथळा द्यावा आणि नावापुढे पदापेक्षा नाते लिहावे. ‘माजी विद्यार्थिनी’, ‘शाळेतील सहकारी’, ‘बालविभागातील वाचक’ असे लिहिले की मागच्या रांगेतल्या माणसाला कोण कशासाठी बोलते आहे ते समजते. नावे ज्या क्रमाने बोलायची त्याच क्रमाने छापावीत. पदाच्या मानाने क्रम लावला की यादीवरून रुसवेफुगवे सुरू होतात. त्यापेक्षा आयुष्याच्या क्रमाने लावावा, म्हणजे आधी शाळेतले, मग वाचनालयातले, शेवटी शेजारी. सूत्रसंचालकालाही मग एका आठवणीतून दुसरीकडे जाणे सोपे होते.

कुटुंबीयांसाठी कुणाच्याही नावाने जागा राखू नये. ‘कुटुंबीयांच्या वतीने मनोगत’ एवढेच लिहावे. त्या दिवशी कोणाच्याने बोलवेल हे आधी सांगता येत नाही, आणि छापलेले नाव पुकारल्यावर ते माणूस उठू शकले नाही तर सगळ्या सभेलाच अवघडल्यासारखे होते.

आता शेवटच्या भागाकडे येतो. त्यावर मी अधिक वेळ घालवणार आहे. आपल्याकडे मौन बहुधा सुरुवातीला पाळतात. त्या वेळी लोक अजून येत असतात, खुर्च्या सरकतात, कुणाचा तरी फोन वाजतो. म्हणून शोकठराव, मौन आणि पसायदान ही तिन्ही सलग शेवटी घ्यावीत, असे मी सुचवतो. म्हणजे लोक एकदाच उभे राहतात. त्यासाठीची सूचना अशी:

‘शोकठरावाच्या वाचनापासून सभेच्या अखेरपर्यंत सर्वांनी उभे राहावे. ज्यांना उभे राहणे शक्य नाही, त्यांनी बसूनच सहभागी व्हावे. ठरावानंतर दोन मिनिटे स्तब्ध राहावे. अध्यक्ष ‘धन्यवाद’ म्हणतील, तेव्हा मौन संपेल आणि पसायदान सुरू होईल.’

मौन कसे संपणार हे छापणे फार गरजेचे असते. ते सांगितले नाही तर चाळीस सेकंदांतच कोणीतरी खोकते, दुसरा खाली बसतो आणि पाठोपाठ सगळेच बसतात. अध्यक्षांनी घड्याळ पाहावे, अंदाज करू नये.

शोकठराव अध्यक्ष वाचतात. त्यावर चर्चा, अनुमोदन किंवा हात वर करणे नसते, सर्वांच्या मौनातूनच तो संमत होतो. त्याची भाषा कार्यालयीन असली तरी चालते, कारण तो इतिवृत्तात कायमचा राहणार असतो:

‘आज दिनांक … रोजी भरलेली ही सभा बालविभागाच्या संस्थापक श्रीमती … यांच्या निधनाबद्दल तीव्र दुःख व्यक्त करते. त्यांनी गावातील मुलांना वाचनाची गोडी लावली आणि वाचनालयाच्या कामात अखेरपर्यंत साथ दिली, याची ही सभा कृतज्ञतेने नोंद घेते. त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात ही सभा सहभागी आहे. या ठरावाची प्रत कुटुंबीयांना द्यावी.’

चौथ्या पानावर पसायदान संपूर्ण, म्हणजे नऊही ओव्या छापाव्यात. पहिल्या दोन-तीन ओव्या सर्वांना पाठ असतात, पण ‘चला कल्पतरूंचे अरव’पाशी आवाज विरळ होत जातो. शब्द हातात असले की सभा शेवटपर्यंत म्हणते. मजकूर कोणाच्या आठवणीवरून घेऊ नये, छापील प्रतीवरून अक्षर न् अक्षर ताडून घ्यावा. ‘जो जे वांछील तो ते लाहो’ या ओळीत ‘लाहो’चे ‘लाभो’ फार वेळा होते. आणि अर्थातच, ज्या घराची श्रद्धा वेगळी असेल तिथे या जागी त्यांची प्रार्थना यावी. बौद्ध कुटुंबाच्या सभेत सुरुवातीला त्रिशरण-पंचशील येते, आणि त्याप्रमाणे सगळा क्रमच बदलावा लागतो. पसायदानाखाली ‘ऋणनिर्देश’ म्हणून दोन ओळी पुरतात: ‘या दुःखाच्या प्रसंगी आपण सर्व जण आलात, याबद्दल कुटुंबीय आपले ऋणी आहेत.’ व्यासपीठावरून वेगळे आभार मानू नयेत.

छपाईसाठी ए-फोर कागद मध्ये दुमडला की चार पाने होतात. मजकूर वाढला तर पाने एकदम आठ करावी लागतात, म्हणून शब्दच कमी करावेत. अक्षर चौदा पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नये, कारण वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. आपण युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये बदलला जातो, तेव्हा जोडाक्षरे बिघडतात. ‘दुसऱ्या’, ‘विद्यार्थ्यांच्या’ असे शब्द मुद्दाम तपासावेत. मुखपृष्ठावरच्या ‘श्रद्धांजली’त ‘द’ला ‘ध’ जोडलेला आहे की उलट ‘श्रध्दांजली’ झाले आहे, हेही पाहावे, कारण ही चूक सर्वांत मोठ्या अक्षरांत छापली जाते. मुद्रिताची एक प्रत कार्यवाहाने वाचावी आणि दुसरी घरातल्या एका माणसाला द्यावी. त्यांनी फक्त नावे, नाती आणि तारखा पाहाव्यात. नातवंडांपैकी एखादे नाव राहिले असेल तर ते फक्त त्यांच्याच लक्षात येते. दोघांची सही झाल्यावरच छपाईला परवानगी द्यावी, आणि अपेक्षित उपस्थितीपेक्षा पंचवीस-तीस प्रती जास्त काढाव्यात. सभेला येऊ न शकलेले नातेवाईक त्या नंतर मागून घेतात.