सेंटीमीटरला साठ लिटर

(दृश्य: जालना जिल्हा, अंबड तालुका. मोसंबीच्या बागेच्या कडेला सिमेंटचा चौकोनी हौद. सकाळचं ऊन.)

निवेदन:
सकाळी दहाला शेतीच्या लाइनवर लाइट येते आणि संध्याकाळी सहाला जाते. या आठ तासांत बोअरच्या एकाच मोटारीनं दोन कामं करायची आहेत. आधी हा हौद भरायचा, कारण घर आणि जनावरं याच्यावरच आहेत. मग वॉल फिरवायचा आणि पाणी मोसंबीच्या ठिबकला सोडायचं. हौदाला किती वेळ लागणार, यावर झाडांच्या वाट्याला किती वेळ उरणार ते ठरतं.

घरातल्या काकूंना विचारलं, हौद किती लिटरचा आहे?

काकू:
"बांधला तवा गवंडी म्हणला व्हता, पंधरा-सोळा हजाराचा हाये. तसंच धरून चालतोत आम्ही."

निवेदन:
गवंड्यानं हे बाहेरून मोजलं होतं. लांबी साडेतीन मीटर, रुंदी अडीच मीटर, जमिनीपासून उंची १ मीटर ८० सेंटीमीटर. तिन्हींचा गुणाकार १५.७५ घनमीटर येतो. एका घनमीटरात १००० लिटर पाणी मावतं, म्हणजे १५,७५० लिटर. गुणाकारात चूक नाही. पण त्यात विटाही मोजल्या गेल्या आहेत आणि वरची रिकामी जागाही.

(दृश्य: काकूंचा मुलगा टेप घेऊन रिकाम्या हौदात उतरतो.)

भिंत नऊ इंची आहे. दोन्ही बाजूंचा गिलावा धरला की ती सुमारे २५ सेंटीमीटर जाड होते. अशा दोन भिंती समोरासमोर, म्हणजे लांबीतून अर्धा मीटर गेला आणि रुंदीतूनही अर्धा मीटर गेला. आत टेप लावला तर लांबी बरोबर ३ मीटर आणि रुंदी २ मीटर. तळाचा कोबा १५ सेंटीमीटरचा आहे, त्यामुळे आतली खोली १ मीटर ६५ उरली. आता वर पाहा. काठाच्या खाली एक पाइप बाहेर काढलेला आहे. पाणी त्या पाइपाच्या तोंडाशी पोचलं की बाहेर वाहायला लागतं, त्याच्या वर चढत नाही. त्या पाइपाची खालची कड तळापासून १ मीटर ५० सेंटीमीटरवर आहे. म्हणून हिशोबाला खोली दीड मीटरच घ्यायची.

तीन गुणिले दोन गुणिले दीड, ९ घनमीटर. ९,००० लिटर.

पंधरा हजार सातशे पन्नास आणि नऊ हजार. या घरात वर्षानुवर्षं जो आकडा बोलला गेला, त्यातले पावणेसात हजार लिटर कधी नव्हतेच. उन्हाळ्यात टँकर मागवताना हा फरक थेट खिशाला लागतो. बारा हजार लिटरचा टँकर आला तर तीन हजार लिटर ठेवायला जागाच नाही.

(दृश्य: टेपच्या पट्टीचा जवळून शॉट. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटीमीटर.)

टेपवर दोन्ही मापं असतात. आपल्याकडे बांधकाम फुटात बोललं जातं, म्हणून मुलानं आधी फुटात लिहून आणलं. लांबी ९ फूट १० इंच, रुंदी ६ फूट ७ इंच, खोली ४ फूट ११ इंच. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्यानं टाकलं ९.१० गुणिले ६.७ गुणिले ४.११. उत्तर आलं साधारण २५१ घनफूट. एका घनफुटात २८.३२ लिटर असतात, त्या हिशोबानं सुमारे ७,१०० लिटर झाले. मघाशी तर नऊ हजार आले होते. मग हे दोन हजार गेले कुठं?

फुटात बारा इंच असतात, दहा नाहीत. १० इंच म्हणजे फुटाचे ०.८३, ७ इंच म्हणजे ०.५८ आणि ११ इंच म्हणजे ०.९२. ९.८३ गुणिले ६.५८ गुणिले ४.९२ केलं की ३१८ घनफूट येतात, आणि २८.३२ ने गुणलं की पुन्हा नऊ हजारांच्या घरात पोचतो. इंच दशांश चिन्हाच्या पुढं जसेच्या तसे लिहिले जातात, ही चूक कागदावर नजरेला येत नाही. आकडे अगदी बरोबर दिसतात. म्हणून आमचं सांगणं आहे की हौद मोजताना टेपची सेंटीमीटरची बाजू वापरा. २०० सेंटीमीटर म्हणजे २ मीटर. तिथं बाराचा भागाकार नाही, आणि घनमीटराचे लिटर करायला फक्त हजारानं गुणायचं.

(दृश्य: लातूर रेल्वे स्थानक. रुळांवरून जाणारी मालगाडी.)

घनमीटर डोळ्यांपुढं येत नसेल तर एक आठवण मराठवाड्यात प्रत्येकाजवळ आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे ५०० घनमीटर. २० मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि २ मीटर खोल असा एक हौद तेवढ्यानं भरला असता. अख्खं शहर ज्या गाडीची वाट पाहत होतं, तिचं माप हे असं आहे.

(दृश्य: पुन्हा अंबड. हौदाच्या काठावर पाइप, त्याखाली बादली.)

आता दुसरं माप, धारेचं. बोअर घेतला त्या दिवशी गाडीवाला सांगून गेला होता, दोन इंची पाणी लागलंय. शेतकरी ते अभिमानानं सांगतो. पण त्यावरून हौद किती वेळात भरेल ते निघत नाही. आपल्याला हवंय मिनिटाला किती लिटर, आणि ते बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच यांनी निघतं.

बादली १५ लिटरची, असं दुकानदार म्हणाला होता. काकूंनी लिटरच्या बाटलीनं पंधरा वेळा पाणी ओतलं आणि जिथं पाणी आलं तिथं खिळ्यानं ओरखडा काढला. तो काठाच्या दोन बोटं खाली निघाला. काठापर्यंत भरली असती तर प्रत्येक वेळी हिशोबात खोट आली असती. पाइपाचं तोंड हौदाच्या काठावर जिथं असतं तिथंच ठेवून मोजायचं. बादली जमिनीवर ठेवून पाइप खाली ओढला तर मोटारीला तेवढी उंची कमी चढवावी लागते, धार जोरात येते आणि आकडा फुगतो.

दहाला मोटार सुरू झाली. पाइपातली हवा जाऊ दिली, धार एकसारखी झाली, मग तीनदा मोजलं. सरासरी १८ सेकंद. १८ सेकंदांत १५ लिटर, तर ६० सेकंदांत ५०. धार मिनिटाला ५० लिटर.

९,००० भागिले ५०, १८० मिनिटं. तीन तास. एक वाजता हौद भरायला हवा.

(दृश्य: मुलगा हौदाच्या आतल्या भिंतीवर रंगानं रेघा मारलेल्या दाखवतो. शून्य, दहा, वीस... दीडशे.)

एकची वाट पाहत बसायचं कारण नाही, कारण हौद स्वतःच माप सांगतो. तळ ३ मीटर बाय २ मीटर आहे, ६ चौरस मीटर. त्यावर एक सेंटीमीटर पाणी चढलं तर ०.०६ घनमीटर झालं, म्हणजे ६० लिटर. सगळ्या हिशोबातली ही गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. भिंतीवर एकदा रेघा मारल्या की पुढं बादलीही लागत नाही. मिनिटाला ५० लिटर असतील तर तासाला ३,००० लिटर, आणि पाणी ५० सेंटीमीटर चढायला हवं.

अकरा वाजता पाणी ४५ वर होतं.

मुलगा:
"पाच सेंटीमीटर कमी हाये. कुठं गळतंय का काय?"

निवेदन:
गळत नव्हतं. मोटार बंद असताना रात्रभर पाणी त्याच रेघेवर राहतं, हे त्यानं आदल्या दिवशीच पाहिलं होतं. कमी झाली होती ती धार. इथं खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठतं ते भेगांत आणि मुरमाच्या थरात. मोटार सुरू केली की आधी बोअरमध्ये उभं असलेलं पाणी भराभर वर येतं. ते खाली गेलं की भेगांतून जेवढं झिरपेल तेवढंच मिळतं, शिवाय मोटारीला ते जास्त खोलातून उचलावं लागतं. तासाभरात ४५ सेंटीमीटर म्हणजे २,७०० लिटर आले, सरासरी मिनिटाला ४५. पण ही झाली मागच्या तासाची सरासरी. आत्ताची धार किती, ते पाहायला पुन्हा बादली लावली. साडेबावीस सेकंद लागले. मिनिटाला ४० लिटर.

उरलेलं पाणी ६,३०० लिटर. त्याला ४० ने भागलं की १५७ मिनिटं आणि वर थोडं. अकरापासून मोजलं तर हौद भरणार एक वाजून सदतीस मिनिटांच्या पुढं.

हे ४० तरी टिकणार का? त्यासाठी बाराला पुन्हा रेघ पाहिली. पाणी ८५ वर होतं. तासाभरात ४० सेंटीमीटर, २,४०० लिटर, मिनिटाला बरोबर ४०. धार स्थिरावली होती. बाराला पाणी ८५ च्या बरंच खाली असतं, किंवा धार तुटून हवा फुसफुसायला लागली असती, तर बोअर मोटारीला पुरत नाही असं समजायचं. मग हिशोब बाजूला ठेवून मोटार बंद करायची आणि बोअरमध्ये पाणी भरू द्यायचं, कारण कोरडी चाललेली मोटार जळते.

(दृश्य: पाणी रेघांवर चढताना. पाइपाच्या तोंडाशी पोचतं.)

एक वाजून अडतीस मिनिटांनी पाणी पाइपाशी आलं आणि वॉल मोसंबीकडं फिरला. सहापर्यंत झाडांना चार तास बावीस मिनिटं मिळाली. सकाळच्या आकड्यावर विसंबून पाच तासांच्या पाळ्या लावल्या असत्या, तर शेवटच्या ओळी अडतीस मिनिटं कोरड्या राहिल्या असत्या.

रोज हौद तळापासून भरावा लागत नाही. उद्या सकाळी पाणी २० च्या रेघेवर असेल तर उरलेले १३० सेंटीमीटर गुणिले ६०, म्हणजे ७,८०० लिटर घ्यायचे. पहिल्या तासाचे २,७०० वजा केले की ५,१०० राहिले. ४० च्या धारेनं त्याला १२७ मिनिटं. एकूण तीन तास सात-आठ मिनिटं. मधे जनावरांच्या टाक्याचा नळ उघडा राहिला तर पाणी रेघांवर तेवढं हळू चढेल, आणि जाणारं पाणी त्यातून आपोआप वजा होईल.

शेजारच्या मळ्यातला हौद आतून ४ मीटर बाय अडीच मीटर आहे. तिथं एक सेंटीमीटर म्हणजे १०० लिटर. आतली लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, त्याला दहानं गुणा. तो आकडा हौदाच्या भिंतीवर रेघांच्या शेजारी रंगानं लिहून ठेवा.

(दृश्य: मुलगा ब्रशनं लिहितो: १ सें.मी. = ६० लि.)