दोन जीबी आणि सकाळचे साडेदहा

नमस्कार श्रोतेहो.

पावसाचा जोर वाढला, गंगापूर धरणातून पाणी सोडायला सुरुवात झाली, की संध्याकाळी मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो : उद्या शाळेला सुट्टी, वर्ग ऑनलाइन. ज्यांच्या घरी ब्रॉडबँडची वायर आली आहे त्यांना याचं काही वाटत नाही. मी आज बोलणार आहे ते दुसऱ्या घरांबद्दल. भाड्याची खोली आहे, किंवा नवी कॉलनी आहे जिथे वायर अजून पोचलेली नाही, आणि घरातल्या एकाच फोनच्या हॉटस्पॉटवर दोन मुलांचे वर्ग आणि आईचं किंवा वडिलांचं ऑफिस चालवायचं आहे. पॅक तो नेहमीचाच, रोजचे २ जीबी.

हे २ जीबी पुरतील का? त्यासाठी एकच आकडा लक्षात ठेवा : ४५०. कंपन्या स्पीड सांगतात एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. पॅक मात्र बाइटमध्ये मोजला जातो, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. तासाचे ३६०० सेकंद, त्याला आठने भागलं की ४५०. म्हणजे १ एमबीपीएसने तासभर काही चालू राहिलं तर ४५० एमबी संपले. व्हिडिओ चालू असलेला साधारण ऑनलाइन वर्ग, येणारं आणि जाणारं मिळून, याच्या आसपास खातो. कमी-जास्त होतं, पण हिशेब मांडायला हा आकडा पुरेसा आहे.

आता एक घर घेऊ. समजा, इंदिरानगरात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मुलगा नववीत, त्याचे तास आठ ते अकरा. मुलगी चौथीत, तिचे तास नऊ ते अकरा. आई पुण्याच्या एका कंपनीचे हिशेब घरून बघते, तिच्या मीटिंगा दोन : सकाळी दहा ते अकरा आणि दुपारी चार ते पाच. आठ ते नऊ एकटा मुलगा, म्हणजे ४५० एमबी. नऊ ते दहा दोघं, म्हणजे ९०० एमबी. दहाला आईची मीटिंग सुरू होते तेव्हा १३५० एमबी गेलेले असतात आणि साडेसहाशेच्या आसपास उरलेले. आता तिघं मिळून तासाला १३५० एमबी ओढतायत. साडेसहाशे किती वेळ पुरणार? अर्धा तास. म्हणजे साडेदहाच्या सुमाराला, आई बोलत असताना, पॅक संपणार. ही वेळ आदल्या रात्री कागदावर काढता येते, आणि काढावी.

पॅक संपला की इंटरनेट बंद पडत नाही. बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचा लिहिलेला मेसेज जातो, फोटो गोल फिरत राहतो, आणि वर्गातल्या बाईंचा आवाजसुद्धा तुटतो, कारण नुसत्या आवाजालाच साधारण तेवढा स्पीड लागतो आणि इथे तो तिघांत वाटायचाय. मेसेज जातोय पण बाकी काहीच हलत नाही, असं दिसलं की आधी पॅक तपासा. टॉवरला शिव्या नंतर घाला.

मग कमी कुठे करायचं? बहुतेक घरांत पहिला उपाय असतो मुलाचा कॅमेरा बंद करणं. त्याने जाणारा डेटा वाचतो, पण वर्गात मोठा खर्च येणाऱ्या डेटाचा असतो. बाईंचा चेहरा, बाकीच्या पंचवीस मुलांचे चौकोन, हे सगळं खाली उतरतच राहतं. म्हणून आधी ती चौकोनांची जाळी बंद करून फक्त बोलणाऱ्याचं चित्र ठेवा. गूगल मीटमध्ये सेटिंग्जमधल्या व्हिडिओच्या पानावर दोन वेगळ्या ओळी असतात, एक तुम्ही पाठवता त्या चित्राची आणि दुसरी तुमच्याकडे येणाऱ्या चित्राची. येणाऱ्या चित्राच्या ओळीत ३६०पी निवडा. झूममध्ये येणारे व्हिडिओ पूर्ण थांबवायचीही सोय आहे. बाई स्लाइड दाखवून शिकवत असतील तर हे फारच उपयोगी, कारण स्थिर स्लाइडला डेटा नगण्य लागतो. पान बदलतं तेवढ्यापुरताच तो जातो. स्लाइड आणि आवाज एवढंच ठेवलं तर तासाला ८० एमबीत भागतं. बाईंनी मध्येच यूट्यूबचा व्हिडिओ स्क्रीनवर लावला तर मात्र हा हिशेब मोडला.

चौथीतल्या मुलीला बाई दिसायलाच हव्यात, नाहीतर ती पाच मिनिटांत उठून जाईल. तिथे चित्र बंद करू नका, लहान करा. तर दोन्ही मुलांचा वर्ग तासाला २०० एमबी धरू. मुलाचे तीन तास ६००, मुलीचे दोन तास ४००. आईची सकाळची मीटिंग नुसत्या आवाजावर आणि स्क्रीनवर, ८०. दुपारच्या मीटिंगला साहेब असतात, कॅमेरा हवा, ४५०. दिवसभराच्या मेल आणि शीटचे ३०० धरा. बेरीज १८३० एमबी. २ जीबीत बसलं, आणि सकाळी अकरा वाजता निम्म्याच्या आसपास पॅक शिल्लक आहे. बसलं खरं, पण काठोकाठ. या १८३० मध्ये एका गोष्टीला जागा ठेवलेली नाही, आणि बऱ्याच घरांचा पॅक नेमका तिथेच गळतो.

लॅपटॉप किंवा मुलांचा टॅब तुमच्या हॉटस्पॉटला जोडला की त्याला वाटतं आपण वायफायवर आहोत. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मग 'फक्त वायफायवर' असं सांगून ठेवलेली सगळी कामं तो सुरू करतो. विंडोजचं अपडेट उतरतं, ॲप अपडेट होतात, गेल्या आठवड्यात भावाच्या लग्नात काढलेले व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. मूल मुकाट्याने वर्गात बसलेलं असतं आणि त्याच टॅबच्या पोटातून पाचशे एमबी जातात. ॲन्ड्रॉइडचा टॅब समोरचं नेट मोबाइलचं आहे हे काही वेळा आपोआप ओळखतो, विंडोजच्या भरवशावर मात्र राहू नका. लॅपटॉपवर सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग तुमच्या हॉटस्पॉटचं नाव, आणि तिथे मीटर्ड कनेक्शन, म्हणजे मोजून वापरायचं नेट, हा पर्याय चालू करा. हे एकदाच करायचं, त्या नावापुरतं ते लक्षात राहतं. त्यानंतर विंडोजची बहुतेक अपडेट थांबतात. टॅबवरही वायफायच्या नावापुढच्या चक्रात मीटर्डचा पर्याय असतो, तो निवडा. एक गंमत सांगतो. काही फोनवर डेटा सेव्हर चालू असला तर हॉटस्पॉटच सुरू होत नाही. म्हणून ते बटण हॉटस्पॉटच्या फोनवर दाबू नका, मुलांच्या फोनवर दाबा.

टाकीत पाणी किती हा एक प्रश्न, आणि नळाला धार किती हा दुसरा. पॅक शिल्लक आहे, तरी दहा ते अकरा तिघंही अडखळतायत, असं झालं तर प्रश्न धारेचा आहे. आईला सगळ्यांचं नीट ऐकू येतंय, पण समोरचे म्हणतायत 'ताई, तुमचा आवाज तुटतोय', तर जाणारी बाजू कमी पडते आहे. मोबाइलवर येण्यापेक्षा जाण्याचा स्पीड बहुधा बराच कमी असतो, आणि आरसीसीच्या भिंतींआड तो आणखी घसरतो, कारण टॉवरच्या मानाने फोनची ताकद फारच थोडी. अशा वेळी कोणी गृहपाठाचे फोटो किंवा मोठी फाइल पाठवत असेल तर आधी ते थांबवा. आणि मघाशी ज्याला मी दुय्यम म्हटलं, ते मुलांचे कॅमेरे बंद करणं, इथे खरं उपयोगी पडतं. हॉटस्पॉटचा फोन टेबलावरून उचलून खिडकीत ठेवा, टॉवर ज्या बाजूला आहे त्या खिडकीत. उन्हात मात्र नको. चार्जिंगला लावलेला, हॉटस्पॉट चालू असलेला फोन आपणहूनच तापतो, आणि जास्त तापला की स्वतःचा वेग कमी करतो.

आता तो फोन कोणाचा, हेही बघा. त्यात दोन सिम असतील आणि डेटा एका सिमचा असेल, तर दुसऱ्या सिमवर कॉल आला की अनेक फोनांत डेटा थांबतो. बाबा फोनवर बोलतायत तोवर दोन्ही मुलांच्या बाई पुतळ्यासारख्या उभ्या. काही फोनांत कॉल चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा वापरायचा पर्याय असतो, सिमच्या सेटिंग्जमध्ये शोधा. नसेल तर आठ ते अकरा ते दुसरं सिम बंद ठेवलेलं बरं. घरात जुना चालू फोन पडून असेल तर डेटाचं सिम त्यात घालून त्याला फक्त हॉटस्पॉटचं काम द्या.

रोजचा डेटा बहुतेक पॅकमध्ये रात्री बारा वाजता नव्याने मिळतो आणि उरलेला वाया जातो. वर्ग नसतो त्या दिवशी रात्री अकराच्या आत लॅपटॉपचं अपडेट उरकून घ्या, वर्गाची रेकॉर्डिंग आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ उतरवून ठेवा. तेव्हा मीटर्ड बंद करावं लागेल. काम झाल्यावर परत चालू करायला विसरू नका. काही पॅकमध्ये फाइव्ह-जीचा डेटा मोजला जात नाही, पण घराच्या आतल्या खोलीत फोन गुपचूप फोर-जीवर उतरतो आणि मोजणी सुरू होते. खूण वरच्या पट्टीत दिसते, तिच्यावर नजर असू द्या.

मी धरलेले २०० आणि ४५० तुमच्या शाळेला जसेच्या तसे लागू होतील असं नाही. वर्गाचा एक तास सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर फोनच्या डेटा वापराच्या पानावर हॉटस्पॉटपुढचा आकडा टिपा. तेव्हा एकच मूल जोडलेलं हवं. वजाबाकी केली की तुमचा स्वतःचा आकडा मिळेल.

आणि एवढं करूनही मीटिंगच्या मध्ये पॅक संपलाच, तर आमंत्रणात खाली बघा. अनेक ऑफिसांच्या मीटिंगमध्ये साध्या फोनवरून जोडून घ्यायचा नंबर आणि पिन दिलेला असतो. साधा कॉल डेटाच्या पॅकमधून जात नाही. आईने दुसऱ्या फोनवरून तो लावावा आणि तेवढ्यात कोणीतरी वरचा डेटा पॅक टाकावा. तो घेताना मुदत वाचा. काही एका दिवसापुरते असतात, काही जास्त दिवस चालतात. पावसाळ्यासाठी दुसरा घ्या.

नमस्कार.