आधी मुखडा की आधी अंतरा?

एक ओळ ऐका. ‘एसटी चुकली, बरं झालं.’

मोजल्या तर सोळा मात्रा, म्हणजे आठ मात्रांच्या केरवा तालाची दोन आवर्तनं. चालीवर गाणी लिहिणारा बहुतेकदा अशाच ओळीपासून सुरुवात करतो. मुखडा हाती लागला की निम्मं काम झालं, असं त्याला वाटतं. पण त्या एका ओळीने पुढच्या सगळ्या अंतऱ्यांना वेसण घातलेली असते.

कारण अंतऱ्याची शेवटची ओळ मुखड्याकडे परत न्यायची असते, तेव्हा यमक मुखड्याचंच जुळवावं लागतं. हाच मुखडा ‘बरं झालं, एसटी चुकली’ असा असता, तर हाताशी उरतात सुकली, हुकली, झुकली, मुकली. दुसऱ्या अंतऱ्यात गजरा सुकणार, हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं. शब्द फिरवून ‘झालं’ शेवटी ठेवलं की आलं, न्हालं, कळालं, बुडालं असा ऐसपैस संसार मिळतो. मग ओळ सहज येते:

छत्रीत माझ्या कोण आलं,
एसटी चुकली, बरं झालं.

अडचण पुढे येते. मुखड्याने आनंद आधीच सांगून टाकलेला असतो. दुसरा अंतरा पाऊस आणतो, तिसरा चहा आणतो, पण गोष्ट स्टँडवरून हलत नाही. अशा गाण्यात दोन अंतऱ्यांची अदलाबदल करून पाहावी. काहीच बिघडलं नाही, तर समजावं की अंतरे नुसते भरतीचे आहेत.

आता उलट्या बाजूने येऊ. आधी कडवी लिहिली. पहिल्यात मुलगा नोकरीसाठी शहराकडे निघतो. दुसऱ्यात दिवाळीच्या रात्री आई हातात डबा घेऊन स्टँडवर उभी आहे आणि गाडीतून कोणीच उतरत नाही. तिसऱ्यात तो येतो, स्वतःच्या मोटारीने, तेव्हा गावची फेरीच बंद झालेली असते. हे लिहिता लिहिता तिसऱ्या कडव्यात ओळ सापडते: ‘शेवटची एसटी गेली.’ तीच मुखडा होते. पहिल्या दोन कडव्यांमागून ‘शेवटची’ म्हणजे त्या दिवसाची, तिसऱ्यामागून कायमची. मुखडा आधी ठरवून बसलं, तर असा अर्थ पालटणं क्वचितच साधतं.

गंमत म्हणजे तुकोबांच्या छापील गाथेत ‘ध्रु.’ ही खूण बहुधा पहिल्या नाही, तर दुसऱ्या चरणावर दिसते. पालुपद सुरुवातीलाच हवं, हा हट्ट तिथे नाही.

कडवी आधी लिहिण्याचा त्रास मात्र संगीतकाराला होतो. एका कडव्याची ओळ सोळा मात्रांची, दुसऱ्याची अठरा, आणि चाल दोन्हीला एकच. तेव्हा जादा शब्द छाटावे लागतात, आणि नेमका आईच्या हातातला डबा आधी जातो. माझं मत विचाराल, तर डबा ठेवावा आणि ‘दिवाळीच्या रात्री’तली रात्र काढावी. गाडी शेवटची आहे, म्हणजे रात्र आलीच.