क्रियापदाआधी तुटलेलं वाक्य

मंडळी, मौखिक इतिहासाच्या मराठी मुलाखती इंग्रजीत करताना माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो माणूस अडखळतो तिथे. समजा, १९८२च्या संपातले एक गिरणी कामगार सांगताहेत: ‘म्हणजे कसंय, आम्ही त्या दिवशी गेटवर... मी म्हणजे, मी काय आत गेलो नव्हतो.’

यात ‘म्हणजे’ दोनदा आलं. पहिलं त्यांच्या तोंडी दर दोन वाक्यांनी येतं. ते मी गाळते. दुसरं मात्र ‘आम्ही’ मागे घेऊन ‘मी’ पुढे करतं. संपाच्या काळात कोण कामावर गेलं, ही गोष्ट अजून दुखते. ते स्वतःपुरतं बोलले, सोबत्यांबद्दल काही म्हणाले नाहीत. गुळगुळीत वाक्य केलं तर हे न बोलणंच पुसलं जातं, म्हणून दुसरं ‘म्हणजे’ ठेवायचं.

आता ‘आम्ही त्या दिवशी गेटवर’ हा तुकडा बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे काय केलं ते न सांगता माणूस गेटपर्यंत पोहोचू शकतो. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद लागतं आणि अनुवादकाचा हात आपोआप ‘उभे होतो’ लिहून जातो. ते उभे होते, अडवत होते की परत फिरले, हे त्यांनी सांगितलेलंच नाही. मी इंग्रजीत दिवस आणि गेट आधी आणते, ‘आम्ही’ शेवटी ठेवते आणि तिथेच लांब रेघ मारते. वाचकालाही वाक्य तुटलेलं दिसतं, आणि पदरचं क्रियापद घालावं लागत नाही.

यासाठी मूळ ध्वनिफीत हवीच. टंकलेखन करणाऱ्याने अनेकदा असे तुकडे आधीच साफ केलेले असतात. कागदावरचं बोलणं फारच सरळ वाटलं, की मी फीत मागवते.

अस्पष्ट जागांमध्ये सर्वांत घातक नकार. आपला ‘नव्हतो’ वाक्याच्या टोकाला येतो, नेमका तिथेच आवाज खाली जातो, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की उरतं फक्त ‘आत गेलो’. अर्थ थेट उलटा! ‘सात’ आणि ‘साठ’ यांचं, माणसांच्या नावांचंही तसंच. तिथे मी हेडफोन लावून, वेग कमी करून, आधीच्या दोन-तीन वाक्यांपासून पुन्हा ऐकते. मग त्याच बोलीच्या दुसऱ्या कुणाला ऐकवते, पण मला काय ऐकू आलं ते आधी सांगत नाही. एकदा सांगितलं, की त्यालाही तेच ऐकू येऊ लागतं.

दोघांचं जुळलं तर शब्द घ्यायचा आणि कंसात प्रश्नचिन्ह ठेवायचं. नाही जुळलं तर [अस्पष्ट, 00:14:32] एवढंच. नकाराच्या जागी संदर्भावरून अंदाज करायचा नाही, कारण तो संदर्भ बहुतेकदा आपल्याला त्यांच्याकडून जे ऐकायचं असतं त्याचाच असतो. आणि ही खूण इंग्रजी मजकुरातही त्याच जागी राहायला हवी. संपादकांनी ती तळटीपेत ढकलायला सांगितलं, तर मी नाही म्हणते.