अकरा महिन्यांत वसूल होणारा खर्च कधीच वसूल का होत नाही?

[पडद्यावर: मोबाइलवर एक ऑडिओ ॲप. 'मासिक वर्गणी ११८ रुपये']

समजा, मराठी कथा ऐकवणारं एक अँड्रॉइड ॲप आहे. महिन्याची वर्गणी ११८ रुपये. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

या ११८ रुपयांतले १८ रुपये जीएसटीचे, ते आपले नव्हेतच. उरलेल्या शंभरातून गुगल प्ले वर्गणीवरचं १५ टक्के शुल्क कापून घेतं. राहिले ८५. त्यातून सर्व्हर, लेखकांचं आणि कथा वाचून दाखवणाऱ्यांचं मानधन, ग्राहकांच्या तक्रारी सोडवणं, असे दर ग्राहकामागे १५ रुपये जातात. हाती येतात ७० रुपये. पुढचा सगळा हिशेब या सत्तरावर करायचा. अनेक सादरीकरणांत तो ११८ वर केलेला असतो, आणि तिथेच आकडे फुगतात.

आता ग्राहक मिळवण्याचा खर्च, म्हणजे कॅक. एका महिन्यात जाहिरातींवर ३ लाख रुपये गेले. जाहिराती बनवणारे आणि चालवणारे यांचे पगार धरून आणखी ७५ हजार. ॲप दहा हजार जणांनी उतरवून घेतलं, पण पैसे भरले ५०० जणांनी. भागायचं ते या पाचशेने. कॅक आला ७५० रुपये. त्याच महिन्यात २५० ग्राहक जाहिरातीशिवाय, आपणहून आले असतील तर त्यांना या भागाकारात घ्यायचं नाही. घेतलं तर कॅक ५०० दिसेल आणि जाहिरातींचं बजेट वाढवायचा मोह होईल. पण बजेट वाढवल्याने आपणहून येणारे वाढत नाहीत.

[पडद्यावर: ७५० ÷ ७० = १०.७]

साडेसातशेला सत्तरने भागलं की पावणेअकराच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे अकराव्या महिन्यात पैसे वसूल, असं वाटतं. या भागाकारात एक गोष्ट गृहीत धरली आहे: पाचशेच्या पाचशे ग्राहक अकरा महिने टिकतील.

दर महिन्याला दहा टक्के ग्राहक वर्गणी थांबवतात असं धरू. पहिल्या महिन्यात ५०० जणांकडून ३५,००० रुपये आले. दुसऱ्या महिन्यात उरले ४५०, आले ३१,५००. तिसऱ्यात ४०५, आले २८,३५०. वर्ष संपेपर्यंत जमा होतात सुमारे २ लाख ५१ हजार, आणि पुढच्या महिन्यासाठी उरतात जेमतेम १४१ ग्राहक. ही बेरीज कितीही वर्षं चालवली तरी साडेतीन लाखांपलीकडे जात नाही. खर्च होता पावणेचार लाख.

एका ग्राहकाचं आयुष्यभराचं मोल, म्हणजे एलटीव्ही, इथे सत्तर भागिले दहा टक्के, म्हणजे ७०० रुपये. कॅक ७५०. दर नव्या ग्राहकामागे पन्नास रुपयांचा तोटा आहे, आणि जाहिरात वाढवली की तोही वाढतो.

[पडद्यावर: 'पेमेंट अयशस्वी' अशी सूचना]

मग हात कुठे घालायचा? सगळ्यात आधी, सोडून गेलेल्यांची दोन गटांत विभागणी करा. काहींनी स्वतः वर्गणी रद्द केलेली असते. काहींचे पैसे फक्त कापले गेलेले नसतात: खात्यात शिल्लक नव्हती, कार्डाची मुदत संपली. या दुसऱ्या गटाला ॲप नकोसं झालेलं नसतं. ॲप चालवणाऱ्यांसाठीच्या प्ले कन्सोलमध्ये, पैसे अडकले तरी काही दिवस ॲप चालू ठेवणारा ग्रेस पीरियड आणि त्यानंतर पैसे येईपर्यंत वर्गणी रद्द न करता थांबवून ठेवणारं अकाउंट होल्ड नीट लावले, पेमेंट अडकल्याचा निरोप ॲपमध्येच दिला, तर यातले काही परत मिळतात. शंभरातले दहा जात होते, त्यातले दोन वाचले असं धरा. गळती आठ टक्के झाली, एलटीव्ही ८७५ वर गेली. आता ती कॅकपेक्षा जास्त आहे.

पण ग्राहक गळत असताना ७५० रुपये जमा व्हायला चोविसावा महिना उजाडतो. दोन वर्षं हे पैसे अडकून राहतात, आणि दर महिन्याला नव्या जाहिरातींसाठी आणखी पावणेचार लाख लागतातच. एलटीव्ही कॅकच्या तिप्पट आणि वसुली वर्षाच्या आत, हा धंद्यातला ठोकताळा याच अडचणीतून आला आहे.

वार्षिक वर्गणीने ही अडचण बरीच सुटते. ९४४ रुपये घेतले, तर जीएसटी आणि शुल्क जाऊन ६८० उरतात, आणि ते वर्गणीच्या सुरुवातीलाच मिळतात. मात्र त्यातले १८० रुपये वर्षभर कथा ऐकवण्यात खर्च होणार आहेत. म्हणून वसुलीत धरायचे ५०० च. उरलेले अडीचशे दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणातून यायला हवेत, आणि त्यासाठी निम्म्या ग्राहकांनी परत पैसे भरले पाहिजेत. हा निम्मा आकडा खरा निघतो की नाही, ते तेराव्या महिन्याशिवाय कळत नाही. तोवर वार्षिक ग्राहकांची यादी दर महिन्याला तपासत राहायची: मागच्या तीस दिवसांत एकही कथा न ऐकलेले किती?